फ्रीजचं दार नीट बसत नाही? रबर बदलण्याआधी फ्रीज कुठे कललाय ते बघा

फ्रीजचं दार बंद होत नाही म्हटलं की बहुतेकांचा पहिला संशय दाराच्या कडेच्या रबरावर, म्हणजे गॅस्केटवर जातो. नातेवाइकांकडे आणि शेजारीपाजारी मी हे काम पुष्कळदा केलंय. ज्यांनी आधीच नवं रबर बसवून घेतलेलं असतं त्यांच्याकडेही दार पुन्हा उघडं राहायला लागलेलं बघितलंय. कारण रबर शेवटचं थोडंसंच काम करतं. त्यातलं चुंबक दाराला अगदी जवळून ओढतं, फार तर बोटाच्या जाडीइतक्या अंतरावरून. तिथपर्यंत दार आणायचं काम वजनाचं असतं, आणि ते वजन योग्य बाजूला ओढतं की नाही हे फ्रीज कसा उभा आहे यावर ठरतं.

म्हणून हे लिखाण मुख्यतः पायांबद्दल, कललेल्या बॉडीबद्दल आणि दारातल्या ओझ्याबद्दल आहे.

लक्षणं

दार हलकेच ढकललं की बोटभर फट ठेवून थांबतं, जोर लावला तर बसतं. किंवा बसलेलं वाटतं, पण थोड्या वेळाने बघावं तर आतला दिवा लागलेला किंवा दाराचा बीप वाजत असतो. फ्रीझरमध्ये दाराच्या बाजूनेच बर्फाचे थर चढतात. रबराच्या कडेला पाण्याचे थेंब धरतात. कॉम्प्रेसर बंदच पडत नाही. दार उघडून सोडलं की आपोआप आणखी उघडत जातं. दांडीकडची, म्हणजे हँडलकडची बाजू खाली आलेली दिसते, आणि दोन दारं असतील तर त्यांच्या कडा एका रेषेत नसतात.

यातलं एखादं लक्षण अधूनमधून दिसत असेल तर आत काहीतरी अडकत असण्याची शक्यता जास्त. रोज, प्रत्येक वेळी होत असेल तर बॉडी किंवा बिजागरी.

एक गोष्ट बिघाड समजू नका: दार जोरात लावल्यावर आतली हवा दाबली जाऊन दुसरं दार क्षणभर उघडतं. ते परत बसत असेल तर काही करायची गरज नाही. बसत नसेल तर त्या दारालाही पुढच्या सगळ्या तपासण्या लागू आहेत.

आधी फुकटातलं: आत काय अडतंय

दार सावकाश लावा आणि शेवटच्या चार बोटांच्या अंतरात डोळा फटीजवळ नेऊन आत बघा. भाजीचा ड्रॉवर पूर्ण आत ढकललेला नसतो, काचेचा शेल्फ खाचेतून सुटून सेंटिमीटरभर पुढे आलेला असतो, किंवा दारातली जाड बाटली आतल्या शेल्फच्या कडेला टेकते. असं अडलेलं दार बंद होताना मऊ लागत नाही, टक्क थांबतं. हात लावला की फरक कळतो: अडथळा असेल तर दार दाबल्यावर लगेच मागे उसळतं, फ्रीज कललेला असेल तर ते आळसावून थांबतं.

मग रबर पुसून घ्या. कोमट पाण्यात थोडं भांड्यांचं लिक्विड घालून, मऊ फडक्याने, घड्यांच्या आतूनही. चिकटपणा साचला की रबर बॉडीवर सपाट बसत नाही. पुसून कोरडं झाल्यावर कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी ठिकठिकाणी करा. सगळीकडे थोडा विरोध जाणवायला हवा. एकाच कोपऱ्यात पट्टी सुळकन येत असेल तर तो कोपरा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतो. दांडीकडचा कोपरा सैल असेल तर दार लोंबल्याची किंवा बॉडी पिळल्याची शंका घ्यावी. बिजागरीकडे रबर चुरगळलेलं किंवा दुमडलेलं असेल तर मात्र दोष रबराचा असू शकतो. दुमडलेलं रबर केस वाळवायच्या ड्रायरने, लांबून आणि कमी गरम हवेने, मऊ करून हाताने सरळ करता येतं. फाटलेलं असेल तर बदलण्याला पर्याय नाही.

दारातलं ओझं

दाराचे शेल्फ पूर्ण रिकामे करा आणि मग दार लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि यातून मोठा उलगडा होतो.

रिकामं दार व्यवस्थित बसलं तर दोन शक्यता. एक म्हणजे वजनाने दार लोंबतंय. दुसरी, जी लोकांच्या ध्यानात येत नाही, ती अशी की बॉडी चुकीच्या दिशेला थोडीशी कललेली आहे आणि वजनामुळे तो कल दिसायला लागलाय. दारातलं वजन स्वतः दार उघडतही नाही आणि लावतही नाही. बॉडीचा कल ज्या बाजूला, त्या बाजूला ते अधिक जोराने ओढतं. रिकाम्या दारात बिजागरीचं घर्षण आणि चुंबक मिळून तो थोडा कल सांभाळून घेतात, भरलेल्या दारात ते कमी पडतात. त्यामुळे दार रिकामं केल्यावर प्रश्न सुटला म्हणून तिथेच थांबू नका, पुढची कलाची तपासणी करा.

लोंबण्याबद्दल एक नेमकी गोष्ट सांगतो. जड बाटल्या खालच्या शेल्फवर ठेवल्या की बिजागरीला आराम मिळतो, असं बरेच जण समजतात. तसं नाही. दार लोंबवणारा ताण बाटली किती उंचीवर आहे यावर अवलंबून नसतो. ती बिजागरीपासून आडवी किती लांब आहे, यावर तो ठरतो. लिटरभर पाण्याची बाटली बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर ठेवली आणि तीच दांडीजवळ ४० सेंटिमीटरवर ठेवली, तर दुसऱ्या जागी तिचा ताण चौपट होतो. म्हणून जड ते बिजागरीकडे, हलकं ते दांडीकडे. लिटरच्या सहा बाटल्या दारात म्हणजे सहा किलोंहून जास्त वजन, आणि दार प्रत्येक वेळी उघडताना ते सगळं खालच्या बिजागरीतल्या बुशवर, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या कड्यावर फिरतं. त्यातल्या निम्म्या बाटल्या आतल्या शेल्फवर गेल्या तर बुश जास्त टिकतं.

दार सोडून बघा

ही तपासणी मला सगळ्यांत विश्वासाची वाटते. तिच्यासाठी कुठलंही साधन लागत नाही, कारण दारच कल दाखवतं.

दार साधारण ४५ अंशांवर उघडा, हात बाजूला करा, ढकलू नका. मोकळं दार ज्या दिशेला बॉडी कललेली असेल त्या दिशेकडे वळायला बघतं. दार समोर, तुमच्याकडे तोंड करून, म्हणजे ९० अंशांच्या आसपास जाऊन थांबलं तर फ्रीज पुढे झुकलेला आहे. त्याहूनही पुढे, बिजागरीच्या बाजूला गेलं तर फ्रीज पुढे आणि बिजागरीकडे, असा दोन्हीकडे कललाय. जिथे सोडलं तिथेच राहिलं तर फ्रीज जवळजवळ सरळ उभा आहे. हेही बरोबर नाही, कारण फ्रीज किंचित मागे कललेला असायला हवा. सावकाश स्वतःहून बंद व्हायला निघालं तर बॉडी ठीक आहे.

आता दुसऱ्यांदा, फक्त वीतभर उघडून सोडा. या अंतरावर डावी-उजवीचा कल जवळजवळ काम करत नाही, मागचा कलच सगळं करतो. म्हणून ४५ अंशांवरून दार बाहेर जातं पण वीतभर अंतरावरून बंद होतं, तर मागचा कल ठीक आहे आणि बॉडी बिजागरीच्या बाजूला झुकली आहे. उलट ४५ अंशांवरून येतं पण शेवटी बोटभर फट ठेवतं, तर मागचा कल कमी आहे, किंवा दार लोंबून रबर वाकडं टेकतंय.

९० अंशांच्या पलीकडे उघडलेलं दार तसंच उघडं राहत असेल तर तो दोष नाही. मागे कललेल्या फ्रीजमध्ये तसंच व्हायला हवं. कित्येक फ्रीजच्या बिजागरीत दार शेवटच्या टप्प्यात ओढून घेणारी रचना असते, त्यामुळे शेवटच्या काही अंशांत दार आपोआप झपकन बसलं तर तेही ठीकच.

पाय लावताना कुठे चुकतं

बहुतेक फ्रीजला पुढे दोन आट्यांचे पाय असतात आणि मागे बसवलेली चाकं किंवा ठोकळे, ज्यांची उंची बदलत नाही. इथेच घोळ होतो. फ्रीज उजवीकडे झुकलेला दिसला की माणूस पुढचा उजवा पाय उंच करतो. पण मागची जमीन उजवीकडे खाली असेल तर पुढचा एक पाय उंच केल्याने मागची बाजू सरळ होत नाही. फ्रीज तीन टेकूंवर उभा राहतो आणि चौथा हवेत जातो, किंवा पातळ पत्र्याची बॉडी वजनाखाली थोडी पिळली जाते. बॉडी पिळली की वरची बिजागरी खालच्या बिजागरीच्या रेषेतून सरकते, दार तिरकं होतं, आणि मग तुम्हाला वाटतं बिजागरीच बिघडली.

म्हणून आधी डुगडुग तपासा. फ्रीजच्या वरच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर, कर्णात, आळीपाळीने तळहाताने दाबा. जराही हललं तर एक पाय हवेत आहे. कागदाचा तुकडा प्रत्येक पायाखाली सरकवून बघा, ज्याच्याखाली जाईल तो पाय. मागच्या बाजूलाही बघा, नुसतं पुढे बघून चालत नाही.

मग पाणसळ, म्हणजे बुडबुड्यावरून पातळी दाखवणारं साधन, फ्रीजच्या माथ्यावर आधी मागच्या कडेला आडवी ठेवा. मागची बाजू डावी-उजवीकडे सरळ नसेल तर ती पहिल्यांदा नीट करायची, तीही मागच्या चाकाखाली कडक पातळ पाचर घालून: प्लायवूडचा किंवा टाइलचा तुकडा, नाही तर धातूची पट्टी. घडी केलेला पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र घालू नका. ते वजनाने दबतं, पुसताना ओलं होतं, आणि काही दिवसांत कल परत येतो. दार परत परत बिघडतं त्यामागे हे एक अगदी नेहमीचं कारण आहे.

यानंतरच पुढचे पाय. फ्रीजच्या तळाशी पुढे प्लास्टिकची जाळी किंवा पट्टी असेल तर ती बहुधा ओढून निघते. पाय हाताने फिरत नसेल तर पाना किंवा चपटा स्क्रूड्रायव्हर लागतो. एकाने बॉडीचा वरचा भाग किंचित मागे रेलवून धरावा, दुसऱ्याने पाय फिरवावा, म्हणजे आट्यावर वजन येत नाही आणि पाय खराब होत नाही. रेलवण्याआधी दारातलं सामान काढलेलं असावं. कोणत्या बाजूने फिरवल्यावर पाय बाहेर येतो ते मॉडेलनुसार बदलतं, म्हणून अर्धा आटा फिरवून बॉडी वर येतेय की खाली जातेय ते बघून घ्या. पूर्ण एका फेऱ्यात पाय साधारण मिलिमीटर ते दीड मिलिमीटर सरकतो.

पुढची बाजू मागच्यापेक्षा सुमारे ६ मिलिमीटर उंच ठेवायची. तुमच्या फ्रीजच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. मोजायची सोपी युक्ती: ६० सेंटिमीटरची पाणसळ पुढून मागे ठेवा आणि तिच्या मागच्या टोकाखाली ६ मिलिमीटर जाडीची पट्टी घाला. बुडबुडा मध्यभागी आला की कल बरोबर. ३० सेंटिमीटरची पाणसळ असेल तर पट्टी ३ मिलिमीटरची. यापेक्षा फार मागे कलवू नका. दार आपटायला लागतं, आणि आपटणारं दार रबर आणि बिजागरी दोन्ही लवकर घालवतं.

फ्रीज चाकांच्या स्टँडवर असेल तर हे सगळं फ्रीजच्या पायांवर करण्याआधी स्टँडच बघा. प्लास्टिकचे स्टँड भरलेल्या फ्रीजखाली मध्ये दबतात, आणि स्टँडचं एक चाक लॉक नसेल तर प्रत्येक वेळी दार ओढताना फ्रीज थोडा फिरतो. अशा स्टँडवर लावलेली पातळी टिकत नाही. स्टँड काढून फ्रीज जमिनीवर उभा करणं हाच टिकाऊ इलाज.

एक फ्रीज, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एका दाराचा फ्रीज, बिजागरी उजवीकडे. तक्रार अशी की नवं रबर बसवूनही दार बोटभर उघडं राहतं आणि फ्रीझरच्या तोंडाशी बर्फ साचतो. आत काही अडत नव्हतं. कागदाची पट्टी वरच्या दांडीकडच्या कोपऱ्यात सैल येत होती. दारातल्या बाटल्या काढल्यावर दार जेमतेम बसायचं, भरलं की पुन्हा फट.

४५ अंशांवर सोडलं तर दार बाहेर निघालं आणि ९० अंशांच्या जरा पुढे जाऊन थांबलं. म्हणजे फ्रीज पुढे आणि थोडा उजवीकडे. तिथली फरशी पाणी निघून जावं म्हणून पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे उतरती होती. कर्णात दाबल्यावर डुगडुग होती आणि कागद पुढच्या डाव्या पायाखालून आरपार गेला. कुणीतरी आधी फक्त उजवा पाय उंच करून ठेवला होता.

मागे पाणसळीचा बुडबुडा डावीकडे होता, म्हणजे उजवी बाजू खाली. मागच्या उजव्या चाकाखाली प्लायवूडचा सुमारे ४ मिलिमीटरचा तुकडा गेल्यावर तो मध्यभागी आला. मग पुढचा डावा पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडला आणि त्यानंतर दोन्ही पाय सारख्याच फेऱ्यांनी उंच केले, प्रत्येकी थोडे थोडे, मागच्या टोकाखाली पट्टी घातलेल्या पाणसळीचा बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत. डुगडुग गेली. आता रिकामं दार ४५ अंशांवरून सावकाश आलं आणि बसलं. बाटल्या परत ठेवताना जड त्या बिजागरीकडे गेल्या आणि तीन बाटल्या आत गेल्या. भरलेलं दारही आलं, किंबहुना जरा जोरात आलं, कारण तेच वजन आता योग्य दिशेला ओढत होतं. कागदाची पट्टी त्या कोपऱ्यात आता धरली गेली. रबराला हातही लावावा लागला नाही.

पाचर आणि पाय वजनाखाली बसायला वेळ लागतो, म्हणून दोन दिवसांनी डुगडुग आणि पाणसळ पुन्हा बघितली आणि एक पाय पाव फेरा कसला.

बिजागरी, आणि कुठे थांबायचं

बॉडी सरळ झाली, डुगडुग नाही, दार रिकामं आहे, तरी दांडीकडची बाजू खाली दिसतेय? मग दार अर्धं उघडून त्याची दांडीकडची कड हलकेच वर उचला. खाली-वर खेळ जाणवला तर बिजागरी. वरच्या बिजागरीचं झाकण काढून स्क्रू सैल असतील तर घट्ट करा. हे घरी करता येतं, पण फ्रीजचा प्लग काढून. झाकणाखाली वायरी दिसल्या तर झाकण परत लावा आणि पुढे जाऊ नका. दारावर डिस्प्ले किंवा पाण्याचा नळ असलेल्या फ्रीजमध्ये त्या वायरी किंवा पाण्याची नळी बिजागरीतून जाते आणि दार उतरवताना तुटते.

मेकॅनिक बोलवायची वेळ म्हणजे: खालच्या बिजागरीचं बुश झिजलंय आणि दार उतरवावं लागणार आहे. बिजागरीची पट्टी वाकली आहे. स्क्रू घट्ट होतच नाही कारण आतला आटा गेलाय. रबर फाटलंय. आतल्या प्लास्टिकला बिजागरीजवळ तडा गेलाय. कपाटात बसवलेला फ्रीज असेल आणि लाकडी दार फ्रीजच्या दाराला जोडलेलं असेल, तर पहिल्या तीन तपासण्यांनंतरच थांबा, कारण तिथे पायांबरोबर दारांची जोडणीही जुळवावी लागते.

रबर आणि बॉडीच्या मध्ये बर्फ धरून दार बसत नसेल तर फ्रीज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्या. सुरीने, स्क्रूड्रायव्हरने टोकरू नका. फ्रीझरच्या भिंतीत गॅसच्या नळ्या असतात आणि एक छिद्र पडलं की दुरुस्ती फार महागात जाते, कधी कधी शक्यही नसते.

आणि दार आता पक्कं बसतंय, कागदाची पट्टी चारही बाजूंनी धरली जातेय, पण एक पूर्ण दिवस झाला तरी कॉम्प्रेसर बंद होत नाही किंवा बर्फ पुन्हा त्याच वेगाने चढतोय, तर दाराचं काम तुमच्याकडून पूर्ण झालंय. आता दोष बहुधा डीफ्रॉस्टमध्ये, थर्मोस्टॅटमध्ये किंवा गॅसमध्ये असावा, आणि पाय आणखी फिरवून त्यात काही फरक पडणार नाही. मेकॅनिकला फोन करताना दार तपासून झालंय हे सांगा, म्हणजे तो पुन्हा रबर बदलण्यापासून सुरुवात करणार नाही.